फाइलवर ‘चर्चा करा’ आणि खुलासा मात्र आमच्याकडून

पत्र

मी एका शासकीय विभागाच्या जिल्हा कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. खरेदीचे टेबल माझ्याकडे आहे, हाताखाली दोन कनिष्ठ लिपिक आहेत. तालुका कार्यालयांसाठी १२ संगणक घ्यायचे होते. निधी नोव्हेंबरमध्येच बीम्स या शासनाच्या निधीवाटप प्रणालीवर आला होता. २७ नोव्हेंबरला टिपणी वर पाठवली, शेवटी नेहमीसारखे ‘योग्य त्या आदेशार्थ सादर’. १६ डिसेंबरला ‘चर्चा करा’ असा शेरा मारून परत. साहेब भेटले २२ तारखेला, म्हणाले, ‘दर बघा, मग ठरवू.’ २९ डिसेंबरला पुन्हा सादर केली, २७ जानेवारीला ‘तपासून फेरसादर करा’. ४ फेब्रुवारीला पाठवली, २ मार्चला ‘इतर जिल्ह्यांत काय केले ते पाहावे, चर्चा करा’. १० मार्चला पुन्हा वर गेली, ती तिथेच राहिली. ३१ मार्चला निधी गेला. आता प्रादेशिक कार्यालयाने विचारणा केली, तर साहेबांनी आम्हा तिघांकडून तीन दिवसांत खुलासा मागितला आहे. साहेब स्वभावाने वाईट नाहीत, दोन वर्षांनी निवृत्त होतील. पण सही म्हटली की त्यांचा हात थांबतो. खुलाशात काय लिहू? आणि यंदाही असेच होणार का?

उत्तर

आधी खुलासा, कारण त्याला मुदत आहे.

तुमच्याकडे तारखा आहेत, त्या मांडायच्या. निष्कर्ष वाचणाऱ्याने काढायचा. ई-ऑफिस असेल तर फाइलचा पूर्ण प्रवास, कोणाकडे कधी आली आणि कधी निघाली, हे त्यातच दिसते, त्याची छापील प्रत घ्या. कागदी फाइल असेल तर हालचाल नोंदवही आणि टिपणीवरच्या तारखा काढा. तुम्ही दिलेल्या तारखांची बेरीज अशी होते: २७ नोव्हेंबर ते ३१ मार्च हे १२४ दिवस. त्यांतले १९, २९, २६ आणि २१ असे ९५ दिवस फाइल निर्णयासाठी वर होती. १३, ८ आणि ८ असे २९ दिवस ती तुमच्या टेबलावर होती.

या २९ दिवसांकडे नीट पाहा, कारण प्रश्न तिथेच येणार. त्यांतले १६ ते २२ डिसेंबर हे दिवस चर्चेच्या वेळेसाठी गेले, तसे लिहा. पण २२ ते २९ डिसेंबर हे सात दिवस आणि पुढचे आठ-आठ दिवस तुमचेच आहेत. त्या दिवसांत काय केले ते एका ओळीत सांगा: जेम या सरकारी खरेदी पोर्टलवरचे दर काढले, तुलनात्मक तक्ता केला, टिपणी नव्याने लिहिली. एखादा दिवस खरोखरच वाया गेला असेल तर तोही मान्य करा. आपल्या बाजूचे सगळे दिवस धुवून काढणारा खुलासा वाचणाऱ्याला खोटा वाटतो आणि मग त्यातल्या खऱ्या तारखांवरही विश्वास बसत नाही.

‘साहेबांनी निर्णय दिला नाही’ हे वाक्य कुठेही नको. त्याऐवजी असे लिहा:

> सदर नस्ती दि. २७ नोव्हेंबर रोजी प्रथम सादर करण्यात आली. त्यानंतर दि. २९ डिसेंबर, ४ फेब्रुवारी व १० मार्च रोजी शेऱ्यांनुसार पूर्तता करून फेरसादर करण्यात आली. नस्तीच्या हालचालीचा तपशील सोबतच्या तक्त्यात आहे. दि. १० मार्चच्या सादरीकरणावर आदेश अप्राप्त असल्याने पुढील कार्यवाही करता आली नाही.

तक्त्याला चार रकाने पुरेत: सादर दिनांक, परत दिनांक, शेरा, पूर्तता काय केली. खुलासा तिघांनी मिळून एकच न देता तिघांनी स्वतंत्र द्या, तक्ता मात्र तिघांचा एकच असू द्या. कनिष्ठ लिपिकांनी फक्त आपल्याकडे असलेल्या कामापुरते लिहावे. आवक शाखेत देऊन पोच घ्या.

एक गोष्ट ध्यानात असू द्या. हा खुलासा साहेबांच्या हातात जाणार आणि त्याच्याच आधारे ते वर उत्तर देणार. तुम्ही आरोप केलात तर ते तो बाजूला ठेवून आपल्या शब्दांत लिहितील, त्यात फक्त तुमचे २९ दिवस येतील. तक्ता साधा, तटस्थ आणि पूर्ण असेल तर तोच जसाच्या तसा जोडून पाठवणे त्यांनाही सोयीचे पडते.

आता सहीपाशी हात का थांबतो ते पाहू, कारण यंदाचे काम त्यावरच अवलंबून आहे. सही केली आणि उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, तर तो आक्षेप सही करणाऱ्याच्या नावाने येतो. सही केली नाही तर निधी परत जातो, त्याला एखादे विचारणापत्र येते आणि ते खाली ढकलता येते. निवृत्ती जवळ आलेल्या माणसाला आणखी एक भीती असते. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधील नियम २७ नुसार निवृत्तीनंतरही चौकशी सुरू होऊ शकते आणि निवृत्तिवेतन रोखले जाऊ शकते. चौकशी सुरू होण्यापूर्वीच्या चार वर्षांतल्या घटनांपर्यंत ती मागे जाते. म्हणजे साहेबांची आजची प्रत्येक सही निवृत्तीनंतरही काही काळ त्यांच्या मागे राहणार. ही भीती खरी आहे, आणि तुमच्या टिपणीने ती कमी व्हायला हवी होती.

‘योग्य त्या आदेशार्थ सादर’ या शब्दांनी ती वाढली. त्यांचा अर्थ होतो: पर्याय असे असे आहेत, कोणता योग्य ते तुम्हीच ठरवा आणि जोखीमही तुमचीच. त्यावर घाबरट अधिकारी एकच गोष्ट करू शकतो, ‘चर्चा करा’ असे लिहून वेळ काढतो.

दुसरी चूक अशी की तुम्ही बहुधा तीन निर्णय एकाच टिपणीत मागितले: १२ संगणकांची गरज मान्य करणे, खरेदीची पद्धत ठरवणे आणि दर स्वीकारणे. तिघांपैकी एकाविषयी शंका आली की उरलेले दोनही अडकतात. हे वेगळे करा. पहिल्या टिपणीत फक्त प्रशासकीय मान्यता मागा. तिच्यात पैसे कोणाला देण्याचा प्रश्नच नसतो, त्यामुळे ती सही सर्वांत हलकी पडते. आणि एकदा ती झाली की पुढच्या दोन टिपण्या ‘मंजूर प्रकरणातील पुढील टप्पा’ म्हणून जातात.

प्रत्येक टिपणीत चार गोष्टी याच क्रमाने असाव्यात. अधिकार कोणाचा: वित्तीय अधिकार नियमपुस्तिका, १९७८ आणि तुमच्या विभागाचे अधिकार प्रदानाचे आदेश पाहून नेमका अनुक्रमांक द्या, प्रत जोडून त्या ओळीखाली पेन्सिलीने खूण करा. निधी किती आहे आणि कोणत्या लेखाशीर्षावर. पद्धत कोणत्या नियमाने: उद्योग विभागाचा १ डिसेंबर २०१६ चा खरेदी धोरणाचा शासन निर्णय आणि त्यानंतरच्या सुधारणा. चौथी गोष्ट पूर्वदाखला: आपल्याच कार्यालयात किंवा शेजारच्या जिल्ह्यात हीच वस्तू याच पद्धतीने घेतल्याचा आदेश. २ मार्चचा शेरा या चौथ्या गोष्टीसाठीच होता. ती पहिल्या दिवशी जोडली असती तर तो शेरा मारायला जागाच उरली नसती.

शेवटची ओळ बदला:

> वरील परिस्थितीत, परि. २ मधील अधिकारांनुसार १२ संगणकांच्या खरेदीस प्रशासकीय मान्यता द्यावी, असे प्रस्तावित आहे. मान्यतेचे प्रारूप सोबत स्वाक्षरीस्तव ठेवले आहे. मान्यता असल्यास कृपया स्वाक्षरी व्हावी.

आदेशाचे स्वच्छ प्रारूप फाइलीत तयार असलेच पाहिजे. अधिकाऱ्याला ‘मान्य’ लिहून मग आदेश टंकित होऊन येण्याची वाट पाहायला लावले, तर त्याला दोनदा धीर गोळा करावा लागतो.

आता तारखांचे गणित, ज्यात गेल्या वर्षीचे प्रकरण खरोखर हातातून गेले. ३१ मार्चवरून उलटे मोजा. कोषागारात शेवटच्या आठवड्यात गर्दी असते, म्हणून देयक २० मार्चला जायला हवे असे धरा. संगणक तपासून घ्यायला आणि साठा नोंदवहीत घ्यायला पाच दिवस, म्हणजे माल १५ मार्चला दारात. पुरवठ्याला ३० दिवस धरले तर आदेश १३ फेब्रुवारीपर्यंत निघायला हवा. बोली, तांत्रिक छाननी आणि दर स्वीकृतीला २५ दिवस धरले तर मान्यता १९ जानेवारीला हवी. तुमच्या भागात पुरवठ्याला जास्त वेळ लागत असेल तर आकडे तसे बदला, पण तारीख काढाच.

पाहा, ४ फेब्रुवारीला तुम्ही तिसऱ्यांदा फाइल पाठवली तेव्हा खरेदी होण्याची वेळ निघून गेली होती. नंतरचे सगळे शेरे, पूर्तता आणि चर्चा ही फक्त कागदांची हालचाल होती. हे कोणालाच दिसले नाही, कारण १९ जानेवारी ही तारीख टिपणीत कुठेच लिहिलेली नव्हती. ३१ मार्च सगळ्यांना दिसत होता आणि तो लांब वाटत होता.

म्हणून पहिल्याच टिपणीत एक परिच्छेद टाका: ‘दि. १९ जानेवारीपर्यंत मान्यता प्राप्त झाल्यास खरेदी याच आर्थिक वर्षात पूर्ण होऊ शकेल. त्यानंतर मान्यता मिळाल्यास निधी अखर्चित राहण्याची शक्यता आहे.’ आणि १९ तारीख उलटून गेली, तर २० जानेवारीला दुसरी टिपणी तयार ठेवा. तिच्यात मागणी वेगळी असते: अपेक्षित बचत म्हणून हा निधी समर्पित करण्यास मान्यता द्यावी. ही धमकी नाही. जो निधी खर्च होणार नाही तो वेळेत समर्पित करणे हे कार्यालयाचे कामच आहे, म्हणजे तो दुसरीकडे वापरता येतो.

या दुसऱ्या टिपणीमुळे निर्णय टाळणाऱ्या माणसासमोरची निवडच बदलते. आधी त्याच्यासमोर होते: सही करणे किंवा काहीच न करणे. ‘काहीच न करणे’ सोपे होते. आता दोन सह्या समोर आहेत, खरेदीच्या मान्यतेची आणि निधी परत करण्याची. निधी परत करायला सही करणे कोणालाच आवडत नाही. तिचे कारण वरच्या कार्यालयाला लिहावे लागते, आणि त्या कारणाखाली आपलेच नाव असते. बरेच अधिकारी या टप्प्यावर मूळ फाइल मागवून घेतात. त्यांनी दुसरीवर सही केली तरी निर्णय झाला आणि तो तारखेनिशी नोंदला गेला. दोन्ही पडून राहिल्या तरी २० जानेवारीची टिपणी तुमच्याकडे आहे, आणि मार्चनंतरच्या खुलाशाचे निम्मे काम तिनेच होते.

‘चर्चा करा’ या शेऱ्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण सगळे प्रकरण इथे हरवते. शेरा लेखी असतो, चर्चा तोंडी असते. ‘दर बघा, मग ठरवू’ हे वाक्य २२ डिसेंबरला बोलले गेले आणि हवेत विरले. महिनाभराने ‘तपासून फेरसादर’ आले तेव्हा काय तपासायचे होते हे कोणालाच सांगता आले नसते. चर्चा झाली त्याच दिवशी टिपणीत पुढची नोंद घाला:

> दि. २२ डिसेंबर रोजी मा. अधिकारी महोदयांशी चर्चा झाली. चर्चेतील निर्देशानुसार जेम पोर्टलवरील दरांची तुलना करावयाची आहे. त्याशिवाय अन्य मुद्दा नाही. तुलनात्मक तक्त्यासह नस्ती दि. २४ डिसेंबर रोजी सादर करण्यात येईल.

‘त्याशिवाय अन्य मुद्दा नाही’ ही ओळ सर्वांत महत्त्वाची. चर्चेतून उठण्याआधी तोंडीही विचारा: ‘साहेब, हे केले की अजून काही लागेल का? सगळे एकदमच करून आणतो.’ दर वेळी एकेक शंका काढणाऱ्याला सगळ्या शंका एका बैठकीत सांगायला लावणे, एवढाच याचा हेतू. नोंदीची भाषा मऊ आणि आदराची ठेवा, पण ती त्याच दिवशी फाइलवर चढली पाहिजे. दोन आठवड्यांनी लिहिलेली नोंद नंतर रचल्यासारखी दिसते.

चर्चेला वेळच मिळत नसेल तर तीन दिवसांहून जास्त थांबू नका. ‘चर्चेसाठी वेळ मिळावी ही विनंती. दरम्यान अपेक्षित मुद्द्यांची माहिती खाली दिली आहे’ असे लिहून फाइल पुन्हा वर पाठवा. चर्चेची वाट पाहत ती तुमच्या टेबलावर राहिली, तर प्रत्येक दिवस तुमच्या खात्यावर चढतो. तुमचे १६ ते २२ डिसेंबर असेच गेले.

फोनवर किंवा केबिनच्या दारात मिळालेल्या तोंडी आदेशावर काही करायची वेळ आली, तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधील नियम ३ आठवा. वरिष्ठांच्या निर्देशाप्रमाणे वागताना तो निर्देश शक्य तिथे लेखी घ्यावा, आणि ते शक्य नसेल तर नंतर लवकरात लवकर लेखी पुष्टी घ्यावी, असे तो सांगतो. ‘तुम्ही ऑर्डर देऊन टाका, सही मागाहून होईल’ असे कोणी म्हणाले तर देऊ नका. सही मागाहून झाली नाही तर देयक तुमच्या गळ्यात येते, आणि त्यातून सुटणे विलंबाच्या खुलाशापेक्षा फार कठीण असते.

याच नियमाची दुसरी बाजू तुमच्यासाठीही आहे. अधिकार वाटपानुसार गरज नसताना वरिष्ठांची मान्यता मागत राहून आपली जबाबदारी टाळता येत नाही, असे त्याच्या स्पष्टीकरणात आहे. म्हणून साहेबांकडे जाणाऱ्या फाइलींची यादी काढून बघा. दुरुस्ती, लेखनसामग्री, किरकोळ देयके यांतली काही अधीक्षकांच्या पातळीवरच निकाली निघू शकतात का? २००५ च्या विलंब प्रतिबंधाच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक कार्यालयाने अधिकार प्रदानाची यादी प्रसिद्ध करायची असते आणि सादरीकरणाचे टप्पे तीनपेक्षा जास्त नसावे लागतात. ती यादी कपाटात असेल, ती बाहेर काढा. निर्णय टाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे रोज वीस फाइली जाऊन त्यांतल्या आठच खरोखर त्यांच्या असतील, तर बारा खाली थांबवणे हा त्यांच्यावरही उपकार आहे.

त्या कायद्याचा तुम्हाला एवढाच उपयोग: कलम १० नुसार सर्वसाधारणपणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, तातडीची फाइल चार दिवसांत निघावी, आणि ज्या फाइलीला दुसऱ्या विभागाची गरज नाही तिचा निर्णय ४५ दिवसांत व्हावा. तुमच्या फाइलीला १२४ दिवस लागले. तरीही हे कलम टिपणीत लिहून वर पाठवू नका. ‘सर्वसाधारणपणे’ हा शब्द तिथे आहे, कारवाई हेतुपुरस्सर विलंब किंवा हयगय यांसाठी आहे, आणि ती करायची की नाही हे साहेबांच्याही वरचा अधिकारी ठरवतो. हाताखालच्या माणसाने कलम दाखवले की उरलेले संबंधही तुटतात आणि पुढची प्रत्येक फाइल आणखी बारकाईने परत येऊ लागते.

कलम न लिहिता तोच आकडा पुढे ठेवायची जागा आहे. तुमचे कार्यविवरण आणि त्याचा साप्ताहिक गोषवारा आधीच असतो, बहुतेक कार्यालयांत तो नुसता भरला जातो. सहा गठ्ठे पद्धतीत प्रलंबित प्रकरणांचा गठ्ठा वेगळा असतो, तसाच प्रतीक्षाधीन प्रकरणांचाही. दर सोमवारी गोषवाऱ्यासोबत एक पान ठेवा: ‘आदेशार्थ सादर प्रकरणे’. विषय, सादर दिनांक, आजपर्यंतचे दिवस आणि निर्णय आवश्यक असल्याची शेवटची तारीख. पाच-सहा ओळींपेक्षा मोठे नको. हे पान साहेबांच्याच टेबलावर जाते, त्यात तक्रार नाही. पण मासिक आढावा बैठकीला जाताना तेच पान त्यांच्या हातात असते, आणि ‘६२ दिवस’ हा आकडा त्यांना स्वतःला वाचावा लागतो.

वरच्या कार्यालयाला परस्पर पत्र, बैठकीत सगळ्यांसमोर विषय काढणे, कार्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवण, हे तिन्ही टाळा. प्रादेशिक कार्यालयाला सांगायचेच झाले तर तुमच्या मासिक अहवालात ‘शेरा’ या रकान्यात ‘आदेशार्थ सादर, दि. अमुक’ एवढे लिहा. अहवाल साहेबांच्या सहीने जातो, त्यामुळे तो योग्य मार्गानेच गेला असे होते.

एप्रिल सुरू झाला आहे. संगणकांची गरज यंदाही तीच असेल, तर निधीची वाट न पाहता तालुका कार्यालयांकडून मागणी, जुने संगणक निर्लेखित करण्याचे प्रस्ताव आणि शेजारच्या दोन जिल्ह्यांचे खरेदी आदेश जूनपर्यंत गोळा करून ठेवा. निर्लेखनाची सही आधी घ्या. ती लहान असते, तीत पैसे जात नाहीत आणि ती झाली की नव्याची गरज फाइलवर आपोआप सिद्ध होते. तिघांचे खुलासे मात्र परवा पोचेसह आवक शाखेत असू द्या.